क्रियापद कोणाचं ऐकतं

चिमणीचा शेवटचा सराव पाठ दुसऱ्या दिवशी होता आणि तिच्या वाट्याला व्याकरणातले प्रयोग आले होते. कर्तरी, कर्मणी आणि भावे. शिक्षिका व्हायचं तर असे पाठ खऱ्या वर्गात घ्यावे लागत. मागच्या बाकावर परीक्षक बाई बसून गुण देत, आणि या बाई भलत्याच कडक म्हणून प्रसिद्ध होत्या.

संध्याकाळी तिने घरातच वर्ग भरवला. बाबा बस चालवून नुकतेच आले होते. ते गणवेश न बदलताच चटईवर मांडी घालून बसले.

"बाई, मला पुढेच बसवा. मागे बसलो की झोप येते."

"मला पटावर घेऊ नकोस," आई इस्त्री करता करता म्हणाली. "पण मी ऐकतेय."

चिमणीने रंगीत तक्ता टांगला. कर्त्याला प्रत्यय नसेल तर कर्तरी. कर्त्याला 'ने' असेल तर कर्मणी. वाक्यात 'ला' दिसला की भावे. क्लासमध्ये तिने स्वतः असंच पाठ केलं होतं.

बाबांनी बोट वर केलं. "आईने मला डबा दिला. सांगा बाई."

"'मला'त 'ला' आहे. म्हणजे भावे."

"बरं," बाबा म्हणाले आणि त्यांनी शहाण्या मुलासारखी मान डोलावली.

त्यांनी इतक्या पटकन मान्य केलं तेच चिमणीला खटकलं. उद्या वर्गही असाच मान डोलावणार होता. तिने वाक्य पुन्हा मनात म्हटलं. डबा दिला. डब्याच्या जागी पिशवी घातली तर? आईने मला पिशवी दिली. 'दिला'चं 'दिली' झालं. म्हणजे क्रियापद डब्याच्या तालावर चाललं होतं, आणि डबा तर कर्म. 'मला' म्हणजे फक्त घेणारा.

"बाबा, चुकलं माझं. हा कर्मणी आहे."

"मला काय, तू म्हणशील ते."

"तसं नका ना म्हणू. पटलं तरच हो म्हणा."

"मग आधी तो तक्ता उतरव," आई म्हणाली.

चिमणीने तक्ता उतरवला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरांत एकच प्रश्न लिहिला: क्रियापद कोणाचं ऐकतं? जेवणं होईपर्यंत ती वाक्यं उलटीपालटी करत राहिली आणि बाबा प्रत्येक वाक्याला इमानदारीने "पटलं" किंवा "पुन्हा सांग" म्हणत राहिले.

दुसऱ्या दिवशी वर्गात सुरुवात छान झाली. 'मुलगी चेंडू फेकते.' मुलीच्या जागी मुलगा घातला की 'फेकतो'. क्रियापद कर्त्याचं ऐकतं, म्हणून कर्तरी. 'मुलीने चेंडू फेकला.' इथे मुलगा आणला तरी 'फेकला'च. पण चेंडूऐवजी काठी आणली की 'फेकली'. कर्माचं ऐकतं, म्हणून कर्मणी. मग 'शिपायाने मुलांना बोलावले.' शिपायाच्या जागी बाई आल्या, मुलांच्या जागी एकटी मुलगी आली, तरी 'बोलावले' जागचं हललं नाही. कोणाचंच ऐकत नाही तो भावे.

"आता तुम्ही एक वाक्य द्या," ती म्हणाली.

खिडकीजवळची एक मुलगी उठली. "बाईंनी मुलांना गाणे शिकवले."

"भावे," निम्मा वर्ग म्हणाला.

"करून बघा."

"गाण्याऐवजी नाटक," एक मुलगा म्हणाला. "बाईंनी मुलांना नाटक शिकवले. बदललंच नाही. भावेच, बाई."

चिमणीने खडू या हातातून त्या हातात घेतला. मागे परीक्षक बाईंचं पेन चालू झालं. कसोटी तर तिनेच दिली होती आणि उत्तर चुकीचं येत होतं. तिने फळ्याकडे पाहिलं. ते गाणे. ते नाटक.

"थांबा," ती म्हणाली. "ते गाणे, ते नाटक. दोन्ही नपुंसकलिंगी, दोन्ही एकवचनी. सारख्याला सारखं घातलं तर क्रियापद बदलेल कशाला? वेगळ्या लिंगाचं काहीतरी द्या."

"कविता," खिडकीजवळची म्हणाली आणि स्वतःच वाक्य पुरं केलं. "बाईंनी मुलांना कविता शिकवली." मग हळूच, "कर्मणी आहे."

नाटकवाल्या मुलाने ओठ हलवत पुन्हा करून पाहिलं आणि मान डोलावली. ही मान पटल्यावरच डोलली होती.

तास संपल्यावर परीक्षक बाईंनी तिला व्हरांड्यात गाठलं. "फळ्यावर ओळी तिरक्या जातात तुमच्या. आणि ते नाटकाचं वाक्य पाठाच्या टाचणात होतं?"

"नाही, बाई. मी घाबरलेच होते."

"दिसलं. तरी उत्तर सांगून मोकळ्या झाला नाहीत. गुण त्याचे दिलेत." त्यांनी तिच्या खांद्यावरची खडूची पूड झटकली. "पाणी प्या आधी. घसा बसलाय."

ती नळाशी गेली तर वर्गातल्या दोन मुली तिच्याकडे पाठ करून बाटल्या भरत होत्या.

"नव्या बाईंनी आम्हाला हसवले," एक म्हणाली. "सांग."

"बाईंऐवजी सर. सरांनी आम्हाला हसवले."

"आता 'आम्हाला' बदल."

"सरांनी तिला हसवले. तसंच राहिलं. भावे."

चिमणी रिकामी ओंजळ धरून मागेच थांबली. त्यांना वळून बघायला लावावंसं तिला वाटलं नाही.