एकासण्याच्या दिवशी गोळी

"सिस्टर, ही निळी गोळी घेतली की शी काळी का होते?"

मागच्या बाकांवर जी खसखस पिकली ती थांबेचना. हे विचारून दाखवलंस तर आठवडाभर तुझं दप्तर मी उचलीन, अशी पैज शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने, मिसबाहने, लावली होती. आणि जिनल ओसवाल पैज सोडणाऱ्यातली नव्हती. पाचवी-सहावीत हजेरीलासुद्धा पुटपुटणारी ही पोर आठवीत आल्यापासून पारोळ्याचा किल्ला स्वतःच जिंकल्यासारखी चालायची.

दवाखान्यातून आलेल्या सारिका सिस्टर हसल्या नाहीत. "गोळीत लोह असतं. अंगात मुरत नाही तेवढं बाहेर पडतं, म्हणून काळी. घाबरायचं नाही. कुणाला मळमळेल, कुणाचं पोट जरा दुखेल, तेही हळूहळू कमी होतं. मात्र उपाशीपोटी घ्यायची नाही. जेवून तासाभराने, पाण्यासोबत. चहा-दूध त्याच्या आसपास नको. जेवणात लिंबू पिळा, पेरू खा, लोह चांगलं मुरतं."

मग त्यांनी जिनललाच पुढे बोलावलं. "तू धीट दिसतेस. दर सोमवारी मुली गोळी समोरच गिळतात का ते बघायचं आणि प्रत्येकीच्या कार्डावर खूण करायची. एखादीची राहिली तर त्याच आठवड्यात दुसऱ्या दिवशी द्यायची, दोन एकदम नाही."

दप्तर मिसबाहच्या खांद्यावर, हातात कार्डांचा गठ्ठा. जिनल त्या दिवशी तरंगतच घरी गेली.

पुढच्या सोमवारी चौदस होती, जैनांची व्रताची तिथी. घरी मम्मीसोबत जिनलने आयुष्यातलं पहिलं एकासणं धरलं: दिवसातून एकदाच, एका बैठकीत जेवायचं. तिची बैठक शाळा सुटल्यावरची होती. सोमवार होता हे तिच्या लक्षात होतं, पण गोळी म्हणजे काही जेवण नव्हे, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं. मुलींना धीर यावा म्हणून पहिली गोळीही तिनेच, सगळ्यांदेखत, गटकन गिळली.

थोड्या वेळात रांगेसमोरच ती ओकली. खिचडी शिजवणाऱ्या सुंदरबाई पाणी घेऊन धावल्या. खाली बघून म्हणाल्या, "काय वं माय, नुसतं पाणीच शे. काही खादं नही का?"

"खाल्लंय," जिनल म्हणाली.

एवढंच. पण त्या एका शब्दाने होत्याचं नव्हतं झालं. खाऊनसुद्धा ओकारी होते, म्हणजे गोळीच वाईट, असं गावभर झालं. मुली घरून निरोप आणू लागल्या, आमची आई नको म्हणते. कार्डांवरच्या खुणा बंद पडल्या. जिनल दिसली की कुणीतरी ओकल्याचा आवाज काढायचं आणि हसायचं. पूर्वी तीही त्यात हसली असती.

मिसबाहने जागा बदलली. भांडण नाही, काही नाही, नुसती खिडकीकडच्या बाकावर जाऊन बसली. जिनलच्या शेजारी आता फक्त तिचं दप्तर बसायचं. मधल्या सुट्टीत ती डबा उघडायची, खाकरा मोडायची, आणि मोडल्याचा आवाज तिला फार मोठा वाटायचा.

सिस्टर पुन्हा आल्या. मिसबाह जिना चढून वर आली तेव्हा तिला धाप लागली होती. त्यांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली.

"पांढरट आहे गं. उद्या दवाखान्यात ये, रक्त तपासू."

"मी नाही येणार," मिसबाह म्हणाली. "तिथं पण गोळ्याच देणार ना? जिनलचं काय झालं ते बघितलं मी."

जिनलला खरं सांगून टाकायचं होतं. पण वर्गभर नजरा होत्या, आणि मम्मीने जैन स्थानकात प्रवचनाला आलेल्या साऱ्यांना सांगितलं होतं, आमच्या जिनूने एकासणं केलं. तिथल्या सर्वांत वडीलधाऱ्या तारादेवी अक्कांनी तर तिच्या डोक्यावरून हात फिरवला होता. बैठकीआधीच गिळलेल्या गोळीने ते एकासणं मोडलं हे कुणाला माहीत होतं? एकट्या तिला. जवळ कुणी नसतं तेव्हा माणूस गुपितालाच कुरवाळत बसतो, तसं तिचं झालं होतं.

संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत सगळे जेवायला बसले. खाली दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं. पप्पांनी विचारलं, "हल्ली मिसबाह येत नाही वाटतं?"

जिनलने घास खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. मम्मीचा चेहरा उतरला. "अगं, स्थानकात सगळ्यांना सांगितलंय मी. आता काय म्हणतील?"

"जाऊ दे," पप्पा म्हणाले. "झालं ते झालं. गोळीचं लोक विसरतील."

"मिसबाह नाही विसरणार, पप्पा. ती दवाखान्यात जात नाहीये." तिचा आवाज चिरकला, पण थांबला नाही. "उद्या मी वर्गात सांगणार, मी उपाशी होते आणि खोटं बोलले. शाळा सुटली की मिसबाहच्या अम्मीलाही सांगून येणार. आणि सोमवारी सगळ्यांसमोर पोटभर जेवून, तासाभराने गोळी घेणार. तिथी असली तरी. एकासणं मी मंगळवारी करीन."