खाली घेतलेल्या फळ्या

आमच्या यांनी मला शेवटचं आपणहून जवळ घेतल्याला किती दिवस झाले, याचा मला पत्ता नव्हता आणि त्याचाच जास्त राग येत होता. एखादी गोष्ट कधी थांबली हेसुद्धा आठवू नये म्हणजे काय! भांडण होऊन थांबली असती तर निदान तारीख तरी सांगता आली असती.

लग्नाला सव्वीस वर्षं झाली. हे सुतार. स्वयंपाकघरातली कपाटं आणि फळ्या करण्यात यांचा हात धरणारा कोणी नाही. मी रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत रक्त काढते. सकाळी सात ते अकरा मी तीस-चाळीस अनोळखी माणसांचे दंड धरते. त्यांना "काही नाही हं, मुंगी चावल्यासारखं" असं सांगते आणि बहुतेक वेळा पहिल्या झटक्यात शीर सापडते. घरी मात्र एका माणसाचा हात धरायला मला धीर होत नव्हता.

पूर्वी असं नव्हतं. मी ओट्याशी उभी असले की हे मागून यायचे, हनुवटी माझ्या उजव्या खांद्यावर टेकवायचे आणि कढईत डोकावून फुकटचा सल्ला द्यायचे. दूरदर्शन बघताना माझा हात यांच्या मांडीवर असायचा, तोही ठरवून नाही, विसरून पडलेला. आता दोघांना दोन स्वतंत्र खुर्च्या होत्या. यांनीच बनवल्या होत्या, रुंद हातांच्या, आणि मध्ये चहाचं टेबल. पलंगावर दोघांच्या मध्ये एक लांब उशी. ती अडीच वर्षांपूर्वी माझा उजवा खांदा आखडला तेव्हा आली आणि मग तिथेच राहायला लागली.

त्यात आमच्या प्रयोगशाळेने दुसऱ्या गावी नवी शाखा काढली. तिथे नव्या मुलींना शिकवायला सहा महिन्यांसाठी कोणीतरी जायचं होतं. मला विचारलं. होकार किंवा नकार शनिवारपर्यंत द्यायचा होता. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा हे पटाशीला धार लावत होते. मान वर न करता म्हणाले, "जा की. चांगलं आहे, बसून काम."

जा की! मला वाटलं होतं, निदान एकदा "सहा महिने?" असं तरी म्हणतील. त्या रात्री मी मनाशी ठरवलं की शनिवारपर्यंत आपणहून यांना हातही लावायचा नाही. बघू या, यांच्या लक्षात येतं का. नाही आलं तर होकार देऊन मोकळं व्हायचं.

गुरुवारी मी हे सगळं आमच्या मोठ्या बाईंना सांगितलं. मोठ्या बाई म्हणजे प्रयोगशाळेतल्या सगळ्यात जुन्या. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेल्या, आणि बोलायला सरळसोट. नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवता चिकटवता त्यांनी विचारलं, "भांडता का अजून?"

"भांडतो की. परवाच ओल्या टॉवेलवरून."

"मग मिटतं का नुसतंच विरतं?"

"मिटतं."

"दिवसभरातलं सांगतात तुला?"

मी हसले. यांना फळीत एखादी सुंदर गाठ सापडली तरी हे मला फोन करतात. मागच्या महिन्यात पाठीत उसण भरली तेव्हाही पहिला फोन मलाच आला, डॉक्टरला नंतर.

"ते बाहेरगावी गेले की तुला हायसं वाटतं?"

"नाही हो. घर खायला उठतं."

"मग ऐक," बाई म्हणाल्या. "हात कमी लागणं सगळ्यांच्या घरी होतं. माणूस आता कुठे पळत नाही म्हटल्यावर आपण त्याला धरून ठेवत नाही. ते मुरलेपण. दुरावा वेगळा असतो. दुराव्यात माणूस फार नीट वागायला लागतो, जपून बोलतो, सांगायचं ते गिळतो. तुझ्या घरी गिळतंय कोण?"

मी पुढची नळी उचलली. गिळत होते मी. हे रोज न चुकता विचारायचे, "खांदा कसा आहे?" आणि मी रोज म्हणायचे, "चाललंय." खांद्याची चौकशी करणाऱ्या माणसाला एकदा माझी चौकशी करायला काय होतं, असं मनात यायचं, पण ओठांवर यायचं नाही. आणि आता तर मी चोरून परीक्षा घ्यायला बसले होते. ज्याला परीक्षा आहे हेच ठाऊक नाही, तो पास कसा होणार? तरी मी हट्ट सोडला नाही. स्वभावाला औषध नसतं, निदान आमच्या प्रयोगशाळेत तरी नाही.

शनिवारी सकाळी हे उपाशीपोटी रक्त द्यायला आले. वर्षातून एकदा येतात, आणि माझ्याशिवाय कोणाकडून सुई टोचून घेत नाहीत. दिवसभर करवतीशी खेळणारा हा माणूस सुई पाहिली की भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं वाचायला लागतो. माझ्या पिशवीत तो होकार-नकाराचा कागद होता आणि बारा वाजता तो द्यायचा होता.

मी हातमोजे घातले. यांचा दंड खुर्चीच्या हातावर ठेवला, दंडाला बांधायचा पट्टा घेतला आणि पाहते तर ट्रेमधल्या जांभळ्या झाकणाच्या नळ्या संपलेल्या. नवं खोकं खिडकीवरच्या फळीवर होतं. मी टाचा उंचावल्या, उजवा हात सरळ वर नेला, खोकं खाली ओढलं आणि ट्रेशेजारी ठेवलं. रोजचंच काम.

वळून बघते तर हे भिंतीकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते, तोंड उघडं.

"हात वर गेला तुझा," हे म्हणाले.

"मग? कुठे जायला हवा होता?"

"दुखलं नाही?"

"अहो, खांदा बरा होऊन वर्ष झालं! मूठ आवळा."

यांनी मूठ आवळली, पण नजर हलवली नाही. मी पट्टा बांधला, बोटाने शीर चाचपली, बोळा फिरवला आणि सुई आत घातली. आधी पिवळी नळी, मग जांभळी, मग साखरेची करडी. पट्टा सोडला, सुई काढली, कापूस ठेवला. हे सगळं होईपर्यंत एकदाही यांनी डोळे मिटले नाहीत. सव्वीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं.

"पाच मिनिटं दाबून धरा," मी म्हणाले आणि नळ्या हलकेच उलटसुलट करत उभी राहिले. पुढचं नाव पुकारायला हवं होतं. मी पुकारलं नाही.

"मग मी घरातल्या सगळ्या फळ्या खाली कशाला घेतल्या?" हे म्हणाले.

ते खरंच होतं. खांदा आखडला त्या महिन्यात यांनी डब्यांची फळी, कपड्यांची दांडी, आरसा, देवघरसुद्धा हातभर खाली आणलं होतं. मीही तेव्हा केस कापून घेतले होते, विंचरायला हात वर न्यायला नको म्हणून, आणि मग तेच सोयीचे वाटले. आमच्या घरात माझा हात खांद्याच्या वर जाण्याची वेळच कधी येत नव्हती. यांना दिसणार कुठून?

"सांगितलं का नाहीस?"

"तो काय एका दिवसात बरा झाला? रोज बोटभर वर जात होता. सांगायचं असा दिवसच आला नाही."

"मी रोज विचारत होतो."

"हो," मी म्हणाले. "आणि मी 'चाललंय' म्हणत होते. तुम्ही खांद्यापलीकडे काही विचारतच नाही, म्हणून रागाने. मला वाटलं, तुम्हाला आता मी जवळ नको झाले."

यांनी कापूस उचलून पाहिला, पुन्हा दाबला. मग म्हणाले, "तू त्या दिवशी ओरडलीस ना, ओट्याशी. मी नेहमीसारखा मागून आलो, तुला धरून खांद्यावर डोकं ठेवलं आणि तू अशी किंचाळलीस की डबा पडला हातातला. माझे हात कसे आहेत तुला माहीत आहे. रंधा मारून मारून नुसतं लाकूड. मला वाटलं, या हातांनी हिला मोडलं असतं. म्हणून उशी. म्हणून वेगळ्या खुर्च्या. झोपेत माझा धक्का लागू नये."

मला तो दिवस आठवला. ओरडले होते खरी, पण डबा उचलेपर्यंत विसरूनही गेले होते. तो आवाज यांच्या कानांत अडीच वर्षं राहिला होता.

"आणि मग," हे जरा ओशाळून म्हणाले, "खोटं कशाला बोलू, सवय झाली. खुर्चीत बरं वाटायला लागलं. पाय पसरता येतात. तुला जवळ घेतलेलं नाही हे कधीकधी रात्री लक्षात यायचं. मग वाटायचं, तूच येशील दुखायचं थांबलं की."

"मी वाट बघत होते तुम्ही याल म्हणून."

"छान," हे म्हणाले. "दोन शहाणी माणसं."

मला हसू फुटलं आणि त्याबरोबर डोळ्यांतून पाणीही.

"आणि 'जा की' म्हणालात ते?"

"तिकडे सुया टोचायच्या नाहीत, नुसतं शिकवायचं, खांद्याला आराम. म्हणून म्हणालो. मला काय हौस आहे सहा महिने भिंतींशी बोलायची? जाऊ नकोस."

दारातून मोठ्या बाईंचा आवाज आला, "शीर सापडली का नाही? बाहेर चौदा जणं उपाशी बसलीत!"

"सापडली, बाई," मी म्हणाले. पिशवीतून कागद काढला, ट्रेवर ठेवूनच नकारावर खूण केली आणि बाईंच्या हातात दिला. त्यांनी कागद पाहिला, यांना पाहिलं आणि पुढचं नाव पुकारलं.

दुपारी घरी पोचले तर हे ओट्याशी स्टुलावर उभे. डब्यांची फळी पुन्हा वर चढवत होते.

"अहो, राहू द्या की! आता सोयीची झाली होती."

"नाही. वर हात केलेला मला दिसला पाहिजे," हे म्हणाले, शेवटचा स्क्रू पिळला आणि खाली उतरले. "काढ बघू साखरेचा डबा."

मी हात वर केला. मागून पावलं आली आणि थांबली. अडीच वर्षांनी हात कुठून कसे घालायचे हे यांना सुचेना. एक कोपर माझ्या बरगडीत लागलं, चष्मा माझ्या कानाला अडकला आणि हनुवटी चुकून डाव्या खांद्यावर आली. मी मुद्दाम "आई गं!" म्हणाले. हे एकदम दोन पावलं मागे. चेहरा पांढरा पडलेला.

तो चेहरा पाहून माझी थट्टा जागच्या जागी विरली. मी डबा खाली ठेवला, यांचे दोन्ही हात धरून ओढून घेतले आणि यांचं डोकं उजव्या खांद्यावर टेकवलं, नेमकं जिथे दुखायचं तिथे.

"दुखलं तर मी सांगेन," मी म्हणाले. "आणि नाही दुखलं तरी सांगेन."

हळूहळू यांचा सगळा भार माझ्या खांद्यावर आला. खांद्याने तो पेलला.