गाडी कुणाच्या नावावर

ह्यांना जाऊन एकोणऐंशी दिवस झाले होते आणि गाडी अजून ह्यांच्याच नावावर होती. मृत्यूची खबर मुलाने पहिल्याच महिन्यात परिवहन कार्यालयात देऊन ठेवली होती. तीन महिन्यांच्या आत वारसाने अर्ज करायचा, असं तिथे बजावलं होतं. अडलं होतं ते माझ्या सहीपाशी.

गाडी मुलगा घेणार, हे सगळ्यांनी परस्पर गृहीत धरलं होतं. मुलीने ना-हरकतीचं प्रतिज्ञापत्र पाठवून दिलं. मुलाने बॉनेटखाली डोकं घालून चेसिस नंबरचा पेन्सिलने ठसा काढला आणि नाक काळं करून घेतलं. माझं प्रतिज्ञापत्र टाइप होऊन पडलं होतं, फक्त नोटरीसमोर सही करायची बाकी. मी रोज काहीतरी निमित्त काढायचे. गाडी त्याच्या गावी गेली, की अंगणात तेलाचा डाग तेवढा उरणार. मला ते नको होतं, पण चालवता येत नसलेली बाई गाडी कशासाठी मागणार?

खरं तर मला चालवता येत होती. पण सोडली होती.

त्या दिवशी मी आणि मुलगा आधी विमा कंपनीत गेलो. टेबलामागची मुलगी माझ्या लेकीच्या वयाची असेल. ती म्हणाली, "मालक गेल्यावर विमा तीन महिने चालतो, मुदत त्याआधी संपली नाही तर. तेवढ्यात गाडी वारसाच्या नावावर करून घ्या. नवं नोंदणीपुस्तक आणि मृत्यूचा दाखला आणलात, की विमा तुमच्या नावाने करून देऊ. क्लेम न घेतल्याचा बोनसही मिळेल, म्हणजे हप्त्यात सूट. एरवी गाडी विकली तर घेणाऱ्याला तो मिळत नाही, पण नवरा-बायको, मुलं, आईवडील यांना मिळतो."

"बोनस कसला? तो माझ्यामुळे गेला ना," मी म्हणाले. "चार वर्षांपूर्वी मी फाटकाच्या खांबाला गाडी घासली. दार बदलावं लागलं. ह्यांनी विम्यातून करून घेतलं."

तिने स्क्रीनवर पाहिलं. "नाही हो काकू. अकरा वर्षांत एकही क्लेम नाही."

"नीट बघ."

तिने पुन्हा बघितलं. "एकही नाही. खिशातून भरले असतील. जाणती माणसं किरकोळ कामाला क्लेम घेत नाहीत, बोनस जातो म्हणून."

मला हसू आलं आणि त्यातच रडू फुटलं. मुलगा पाण्याचा ग्लास शोधायला धावला.

ह्यांना तो बोनस म्हणजे पोराच्या प्रगतिपुस्तकासारखा. आल्यागेल्याला सांगायचे, एकही क्लेम नाही म्हणून. दार बदललं त्या दिवशी मी किती पैसे लागले असं विचारून विचारून पिच्छा पुरवला, तेव्हा म्हणाले, "विम्याने दिले, तू गप्प बस." मला खर्चाचा घोर नको म्हणून एवढी थाप मारली. आणि मी मनाशी धरलं, की ह्यांचा मानाचा बोनस मी घालवला. त्या दिवसापासून स्टीअरिंगला हात लावला नाही. दोन वर्षांपूर्वी लायसन्सची मुदत संपत आली, तर ह्यांनी मला ओढत नेऊन वाढवून आणलं. "असू दे गं," म्हणाले. खरं सांगायला तेव्हा काय झालं होतं? चांगलं कडाक्याचं भांडायचं होतं मला, पण ऐकून घ्यायला हे कुठे होते?

बाहेर आल्यावर मुलगा म्हणाला, "आई, समोरच नोटरी आहे. सही उरकूया?"

"सही तू कर," मी म्हणाले. "ना-हरकतीची. गाडी माझ्या नावावर होणार."

"तू चालवणार?"

"मग काय, आरती ओवाळणार?"

त्याने खिशातून मोबाइल काढला. मग म्हणाला, "ताईचं प्रतिज्ञापत्र पुन्हा करावं लागेल. तुझ्या नावाने." आणि तिथेच उभ्याउभ्या तिला फोन लावला.

आठवड्याभरात दोघांची कागदपत्रं जमली. परिवहन कार्यालयाच्या खिडकीत मी सगळं मांडलं: दाखला, जुनं पुस्तक, विमा, ठसा, दोन्ही प्रतिज्ञापत्रं आणि भरलेला फॉर्म. कारकुनाने चष्मा सावरून फॉर्मवर बोट ठेवलं.

"इथे सही करा."

मी केली आणि सवयीने फॉर्म उलटून पाहिला. गाडी आम्ही जुनीच घेतली होती. तेव्हा ह्यांच्या सहीजवळ देणाऱ्याचीही सही होती, ते मला चांगलं आठवत होतं.

"देणाऱ्याची सही कुठे घेता?"

"ती विकत घेताना लागते, बाई," कारकून म्हणाला. "वारसाच्या फॉर्मवर एकच सही असते."