मधलं नाव नयन

शहाडच्या शाळेत दहावीची हॉल तिकिटं वाटली आणि सान्वी केणेचं तोंड एवढंसं झालं. नाव तिचं, बैठक क्रमांक तिचा, फोटो मात्र तिच्या आईचा! शेजारच्या शिवानीने मान लांब केली. "अगं, ही कोण काकू?" सान्वीने तिकीट दप्तरात कोंबलं.

आता यातली गोम अशी. सान्वीची आई कल्पिता हिची शाळा नववीत सुटलेली. मग लग्न, पोर, सासूचं आजारपण. यंदा तिने सतरा नंबरचा फॉर्म भरलेला, बाहेरून दहावीला बसायला. फॉर्मही ह्याच शाळेतून. सान्वीने एकच अट घातलेली, "माझ्या वर्गात कुणाला कळता कामा नये." सोळाची पोर, तिला सगळ्याचीच लाज. कल्पिताने बिचारीने ऐकलं. आपलं हॉल तिकीट घ्यायलासुद्धा ती शाळा सुटल्यावर गेली. त्याच्यावर दोन वेण्यांची सान्वी!

"मला आत कोण सोडेल गं?" सान्वी रडकुंडीला आली.

"रडतेस काय? उद्या शाळेत जाऊ," कल्पिता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या क्लार्क ऋजुता मॅडमनी दोन्ही तिकिटं शेजारी ठेवली आणि कपाळावर हात मारला. "अगोबाई! दोघींचं मधलं नाव नयन, आडनाव केणे. मी समजले बहिणी आहेत, आणि फोटो अपलोड करताना घातला घोळ. चूक माझी, पण घाबरू नका. बरोबर फोटो वर चिकटवायचा, मुख्याध्यापिका बाईंची सही, शाळेचा शिक्का, झालं. फोटो आणलेत ना?"

फोटो आणलेले. तेवढ्यात मधली सुट्टी झाली आणि ऑफिसच्या दारात शिवानीसकट चार-पाच पोरी येऊन उभ्या राहिल्या. कल्पिताने लेकीचा उतरलेला चेहरा पाहिला. आपलं तिकीट उचलून तिने गपचूप पर्समध्ये टाकलं.

"हिचंच करा मॅडम. माझं राहू दे. पुढच्या वर्षी बघू."

"अहो, असं काय करता? वर्षभर अभ्यास केलात ना?"

अभ्यास किती केला ते सान्वीला ठाऊक होतं. बीजगणिताची पानं आई पोळ्या लाटता लाटता पाठ करायची, चुकली की स्वतःलाच शिव्या द्यायची. सान्वीला स्वतःचा असा राग आला की कानशिलं तापली. तिने आईच्या पर्समधून तिकीट बाहेर काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"मॅडम, माझं नंतर. आधी माझ्या आईचं करा," ती म्हणाली, दारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.

मॅडमनी गोंदाची बाटली पुढे सरकवली. आईचा फोटो सान्वीनेच चिकटवला.