स्वच्छ करून आणावे

ओपीडीच्या दारावरची ती पाटी माझीच. ‘बाळाला स्वच्छ करूनच आत आणावे.’ चार वर्षांपूर्वी एका बाळाने डॉक्टरांच्या टेबलावर सगळी कागदपत्रं भिजवली, तेव्हा मी ती चिकटवली. त्या दिवसापासून माझं नाव फिनाईल सिस्टर पडलं. पाठीमागे म्हणतात, मला कळत नाही असं त्यांना वाटतं. मीही वाटू देते.

ही गोष्ट घडली त्या दिवशी आम्हा दोघींऐवजी मी एकटीच होते. जोडीदारीण रजेवर. सकाळपासून एकशे दहा पोरं, त्यातली निम्मी एकाच वेळी रडणारी. दुपारी दोनपर्यंत माझे पाय बुटात मावेनात. रडणं ऐकून मी पोरांचे गट पाडते: भुकेचं, सुईच्या भीतीचं, झोपेचं, लाडाचं. बावीस वर्षांत कान एवढे तयार झालेत की वर बघायचीही गरज पडत नाही. असा मला भलताच गर्व होता.

रांगेत एक तरुण आई होती, सोबत तिचे सासरे. बाळ सात महिन्यांचं. ते मध्येच किंचाळायचं, गुडघे पोटाशी घ्यायचं, चेहरा पांढरा पडायचा. दोन-तीन मिनिटांत शांत व्हायचं आणि आईच्या खांद्यावर मान टाकून पडून राहायचं. ते किंचाळलं तेव्हा मी त्यांना चार नंबर पुढे घेतलं. मग ते गप्प झालं, तेव्हा परत मागे बसवलं. बाकीच्या आया माझ्याकडे डोळे वटारून बघत होत्या, मला वाद नको होता.

सासरे बस डेपोत वेळा नोंदवायचं काम करून निवृत्त झालेले. हातात घड्याळ, खिशात पेन. त्यांनी मला एक कागद दाखवायचा प्रयत्न केला. मी म्हटलं, ते डॉक्टरांना दाखवा. पुढे आत गेल्यावर डॉक्टरांनीही तो न बघताच परत केला.

त्यांचा नंबर येण्याच्या थोडं आधी बाळाने शी केली. आई आत यायला निघाली, दारातली पाटी वाचली, आणि तशीच वळून बेसिनकडे गेली. बाळाला धुतलं, पुसलं, डायपर कचऱ्याच्या बादलीत टाकला, नवीन घातला. मी मनात म्हटलं, चला, एक तरी शिकलेली निघाली.

आमचे छोटे डॉक्टर चांगले आहेत, पण तेही सकाळी आठपासून खुर्चीला चिकटलेले. बाळ त्यांच्यासमोर आलं ते नेमकं शांत, डोळे अर्धवट मिटलेलं. ओकाऱ्या होतात, आई म्हणाली. आधी दूध पडायचं, आता हिरवट. रडतो आणि थांबतो. शी लालसर वाटली. डॉक्टरांनी विचारलं, बघू शी? ती म्हणाली, टाकून दिली, तिथे लिहिलं होतं म्हणून. हे तिने तक्रारीने नाही, शहाण्या मुलीसारखं सांगितलं. डॉक्टरांनी पोटावरून हात फिरवला, आमांश दिसतो म्हणाले आणि औषध लिहून दिलं. बाहेर अजून वीस जण होते.

ती चिठ्ठी घेऊन दारातून निघाली आणि बाळ परत किंचाळलं. पाय पोटाशी, अंग ताठ. सासऱ्यांनी घड्याळ पाहिलं आणि कागदावर टिपलं.

“अठरा मिनिटं,” ते म्हणाले. “सकाळी नऊपासून हेच चाललंय, सिस्टर. अठरा, वीस, सतरा. गाड्या एवढ्या वेळेवर कधी सुटल्या नाहीत आमच्या.”

कागदावर एकाखाली एक वेळा होत्या. मी तो हातात घेतला. मग आईला विचारलं, आज शी किती वेळा झाली?

“एकदाच. आत्ता झाली तीच.”

आमांशाची पोरं माझ्या चांगल्या ओळखीची आहेत. ती दहा वेळा जातात, थोडं थोडं जातात, अंग तापलेलं असतं. याचं अंग गार होतं आणि दिवसभरात शी एकच. मी तिला म्हटलं, जागची हलू नकोस, आणि त्याच्या तोंडात काही घालू नकोस, दूधही नको. आणि मी बेसिनकडे गेले.

बादली पाच-सहा डायपरांनी भरलेली. मी हातमोजे घालून खाली बसले. गुडघे कुरकुरले. रांगेतली एक बाई नाक धरून म्हणाली, सिस्टर, तुम्ही? तिसरा डायपर उघडला आणि माझा हात थांबला. लालभडक, चिकट, थरथरणारं, जेलीसारखं. विष्ठा नव्हतीच त्यात, नुसतं रक्त आणि शेंब. नेमकं हेच माझ्या पाटीने फेकून द्यायला लावलं होतं.

मी तो ट्रेमध्ये ठेवला आणि सगळ्या रांगेदेखत डॉक्टरांच्या टेबलावर नेला, त्याच टेबलावर. त्यांनी एकदा ट्रेकडे पाहिलं आणि उठून उभे राहिले. बाळ पुन्हा शांत झालं होतं. या वेळी त्यांनी घाई केली नाही, पोट सावकाश चाचपलं. उजवीकडे, बरगडीखाली, बोटाएवढी लांबट गाठ लागली. त्यांचा चेहरा पडला. त्यांना बोलायचं तर आधी मी स्वतःला बोलायला हवं होतं.

त्यांनी आईला सांगितलं ते साधं होतं: बाळाच्या आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरलाय, बाही उलटताना आत गोळा होते तसा. पुढे ढकलण्यासाठी आतडं आवळतं, तेव्हा कळ येते, मग सैल पडतं. म्हणून रडणं थांबून थांबून. अडकलेल्या भागाचा रक्तपुरवठा तुटत चाललाय. आई ऐकत होती आणि हळूच म्हणाली, “मी टाकायला नको होती ना?” कुणी मुस्काटात मारावी तसं मला झालं.

“पाटी माझी होती,” मी म्हटलं. “तू वाचलंस, एवढंच.”

सलाईन लावली, नाकातून पोटात नळी टाकली. सोनोग्राफीत वर्तुळात वर्तुळ दिसलं, बांगडीत बांगडी. सर्जन हात धुऊन तयार राहिले. आतडं फुटलेलं नव्हतं, म्हणून आधी गुदद्वारातून हवा सोडून बघायचं ठरलं. एक्स-रेच्या पडद्यासमोर मी बाळाचे पाय धरून उभी होते. हवा मोजून मोजून आत जात होती, अडकलेला भाग थोडा मागे सरकायचा आणि थांबायचा. दुसऱ्यांदाही थांबला. सर्जननी ऑपरेशन थिएटर तयार ठेवायला सांगितलं. तिसऱ्या वेळी तो सरकतच गेला, आणि हवा एकदम लहान आतड्यात पसरली. आतडं सुटलं होतं. सगळेच दमलेले होते. तेव्हा कुठे मी बाळाचे पाय सोडले.

पुन्हा अडकू शकतं, म्हणून एक दिवस वॉर्डात ठेवलं. घरी जायच्या आधी मी ती पाटी काढली. गोंद इतका जुना की निम्मी दारावरच राहिली. ती नखांनी खरवडली.

दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी वॉर्डात डोकावले. बाळ दूध पिऊन झोपलेलं. सासरे बाकावर कागद घेऊन बसलेले, त्यावर आज एकही वेळ नव्हती. आई मला बघून गडबडीने उठली. तिच्या हातात घडी घातलेला डायपर होता.

“सिस्टर, आत्ताच झाली. पुसलंय त्याला, पण हा टाकला नाही,” ती म्हणाली. “म्हटलं, आधी तुम्हाला दाखवावा.”

मी उघडून पाहिला. पिवळी, मऊ, साधी शी. बावीस वर्षं मी तोंड वाकडं करत आले त्या गोष्टीकडे मी कितीतरी वेळ बघत उभी राहिले, आणि मग तिथेच बाकावर, सासऱ्यांच्या शेजारी बसून रडले.