बोस्टनचं घड्याळ

सोनईतल्या त्या घरात दोन घड्याळं होती. एक भारताचं, एक बोस्टनचं. दुसरं सुहासरावांनी मैत्रेयीच्या कामासाठी लावलं होतं. "पोरगी तिकडच्या वेळेवर जगते, तर निदान जेवायला कधी हाक मारायची हे मला कळू दे," म्हणत.

सुहासराव जाऊन महिना झाला. तेव्हापासून मैत्रेयी रजेवरच होती आणि रजेतच तिने बोस्टनच्या कंपनीला कळवलं होतं की वीस मार्चला करार संपवते. सोमवारी नगरच्या कॉलेजात रुजू व्हायचं होतं.

आज वीस तारीख. शेवटचं बिल बोस्टनच्या सकाळी दहापर्यंत पोर्टलवर चढवायचं होतं. त्यानंतर तिचं खातं बंद, आणि दवाखान्यात बाबांच्या खाटेशेजारी बसून केलेल्या दीड महिन्याच्या कामासाठी पत्रव्यवहार करत बसावं लागलं असतं.

बिल तयार होतं, पण पोर्टल ते घेईना. बावीस साली सही केलेल्या अमेरिकेच्या कर-फॉर्मची मुदत डिसेंबरअखेर संपली होती. नवा भरल्याशिवाय बिल पुढे सरकत नव्हतं. तिने भिंतीकडे पाहिलं. बोस्टनला आठ चाळीस. एक तास वीस मिनिटं. ती सावकाश पॅन क्रमांक भरू लागली.

तेवढ्यात हिशेब विभागातल्या हेलनचा निरोप आला: मैत्रेयी, वीस मिनिटं उरली आहेत.

"आई, ते घड्याळ बंद पडलंय का गं?"

लीनाताई स्वयंपाकघरातून आल्या. "चालतंय की. बघ, टिकटिक ऐकू येतेय."

मैत्रेयीने लॅपटॉपवरची वेळ बघितली. इथे संध्याकाळचे सात दहा. मग बोस्टनला नऊ चाळीस. तिकडे मार्चमध्ये घड्याळं तासभर पुढे जातात. आणि भिंतीवरचं घड्याळ दरवर्षी पुढे करायचे बाबा. "त्यांचा सूर्यसुद्धा कायद्याने उगवतो," असं म्हणत स्टुलावर चढायचे.

तिने पत्ता भरला, जन्मतारीख भरली, सही केली. पोर्टलने लाल रेघ दाखवली. सहीची तारीख चुकली होती. वीस-तीन लिहिलं होतं. तिकडे महिना आधी. तिने शून्य तीन, वीस केलं. नऊ त्रेपन्न. फॉर्म स्वीकारला. बिल चढवलं. चक्र फिरत राहिलं.

"गेलं का?" लीनाताईंनी विचारलं.

"थांब."

नऊ सत्तावन्नला हिरवी खूण आली. पाठोपाठ हेलनचा निरोप: मिळालं, आजच्या यादीत घेतलं. तुमच्या वडिलांबद्दल आत्ताच कळलं. फार वाईट वाटलं.

मैत्रेयीने आभार लिहिले आणि लॅपटॉप मिटला.

"आता ते काढून ठेवू का?" लीनाताईंनी घड्याळाकडे बोट केलं. "तुझं तर संपलं तिकडचं."

मैत्रेयी स्टुलावर चढली, घड्याळ उतरवलं, मागची किल्ली फिरवून एक तास पुढे केलं आणि पुन्हा खिळ्याला अडकवलं.

"नोव्हेंबरमध्ये मागे करायचं असतं," ती म्हणाली. "आठवण कर मला."