आलेखातला डोंगर

कालव्याची आखणी तिची होती आणि दुपारच्या बैठकीत ती टिकते की नाही, याचीच तिला धाकधूक होती. उपग्रहाने टिपलेल्या उंचीच्या नकाशातून, म्हणजे डीईएममधून, तिने आखणीच्या रेषेवरच्या उंच्या काढल्या, अंतरासह स्प्रेडशीटमध्ये भरल्या आणि आलेख काढला. मधोमध बारा मीटरचा उंचवटा!

"बाई, तुमचं पाणी डोंगर चढतं वाटतं?" साहेबांनी चिमटा काढला.

तिने त्या जागेचं छायाचित्र उघडलं. तिथे दाट निलगिरी होती.

"डोंगर नाही हो, साहेब. झाडांचे शेंडे मोजले गेलेत. झाडीच्या अलीकडचा आणि पलीकडचा उतार बघा, एका रेषेत येतो."

साहेबांनी चष्मा पुसून पाहिलं. "आखणी तूर्त ठेवू. पण उद्या झाडीत शिरून जमीन मोजायची. बूट घालून या."